आधी सातबारा, मग खुशखबर

`शेतकरी मित्रांनो खुशखबर! आता घरबसल्या फक्त 2 मिनिटांत मोबाईलवर काढा डिजिटल सातबारा`. यूट्यूबवर जमिनीच्या कागदपत्रांबद्दल काही शोधलं, की अशा थाटाची शीर्षकं हमखास भेटतात. हे शीर्षक मी नमुन्यासाठी रचलं आहे, पण कुणाला ओळखीचं वाटलं तर नवल नाही. सलग वाचलं तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. खटका बसतो तो फोनवर शोधाची यादी समोर येते तेव्हा. तिथे शीर्षकाला जेमतेम दोन ओळींची जागा मिळते आणि उरलेलं तीन टिंबांत जातं. नेमकं कुठे कापलं जाईल, हे पडद्याच्या रुंदीवर आणि अक्षराच्या आकारावर ठरतं. या शीर्षकातून ‘खुशखबर’ आणि ‘घरबसल्या’ नक्की उरतात. ‘सातबारा’ मात्र अगदी शेवटी असल्यामुळे कापला जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याचीच.

हा व्हिडिओ शोधणारा माणूस कोण असतो, ते आधी पाहू. त्याला पीककर्जासाठी किंवा एखाद्या अर्जासोबत जोडायला उतारा हवा असतो. एका हातात फोन, समोर सरकारी साइट उघडलेली, आणि कुठल्यातरी पायरीवर तो अडकलेला. करमणूक म्हणून तो यूट्यूबवर आलेला नाही. यादीतल्या आठ-दहा शीर्षकांवरून तो भरभर नजर फिरवतो आणि आपण जे टाइप केलं तेच शब्द कुठे दिसतात ते बघतो. म्हणून नेमका शब्द शीर्षकाच्या तोंडाशी हवा. यूट्यूबही आपल्या मार्गदर्शनात हेच सांगतं : महत्त्वाचं आधी, भाग क्रमांक आणि चॅनेलचं नाव शेवटी.

आता नेमका शब्द कोणता, हे ठरवायला वाटतं तितकं सोपं नाही. नुसतं ‘सातबारा’ घेतलं तर ते फार मोठं कुरण आहे. सातबारा कसा वाचायचा, त्यावर नाव कसं चढवायचं, जुने उतारे कुठे मिळतात, अशा सगळ्या चौकशा त्या एका शब्दाखाली येतात. आपल्या नमुन्यातला व्हिडिओ यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : डिजिटल सही असलेला उतारा स्वतः कसा काढायचा. सही नसलेला उतारा `bhulekh.mahabhumi.gov.in` वर फुकट पाहता येतो, पण तो माहितीपुरता. कार्यालयात लावायला डिजिटल सहीचा लागतो आणि त्याला १५ रुपये पडतात. त्यामुळे इथे नेमका शब्दप्रयोग ‘डिजिटल सातबारा’ हा आहे. जो प्रश्न व्हिडिओ सोडवत नाही, त्याचा शब्द शीर्षकात घेतला तर माणूस येतो खरा, पण वीस सेकंदांत निघूनही जातो.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर दोन जागा बघाव्यात. ब्राउझरच्या खासगी खिडकीत यूट्यूब उघडून ‘डिजिटल सात’ एवढंच टाइप करावं आणि खाली कोणत्या सूचना येतात ते पाहावं. खासगी खिडकी यासाठी, की आपल्या नेहमीच्या खात्यात यूट्यूब आपल्याच सवयी आपल्याला परत दाखवतं. दुसरी जागा म्हणजे यूट्यूब स्टुडिओतलं विश्लेषण. तिथे प्रेक्षक कुठून आले याच्या यादीत ‘YouTube search’ अशी ओळ असते. ती उघडली की लोकांनी कोणते शब्द टाइप करून हा व्हिडिओ गाठला, ते दिसतं. व्हिडिओ जुना असेल तर ही यादी सोन्यासारखी आहे, कारण तीत लोकांनी स्वतः टाइप केलेले शब्द असतात. तिथे ‘सातबारा’ असेल, ‘7/12’ असेल आणि रोमन लिपीतलं `satbara` सुद्धा असेल, कारण मराठीत शोधणारे कितीतरी लोक इंग्रजी कळफलकच वापरतात.

एवढं हाताशी आलं की शीर्षक नव्याने लिहिता येतं :

`डिजिटल सातबारा (7/12) मोबाईलवर कसा काढायचा? नोंदणीपासून डाउनलोडपर्यंत`

पहिले दोन शब्द म्हणजे विषय. लगेच त्याचं आकड्यातलं रूप, कारण तेही टाइप केलं जातं. मग प्रश्न, आणि शेवटी व्हिडिओ कुठून कुठपर्यंत नेतो ते. कापलं गेलंच तर ‘नोंदणीपासून डाउनलोडपर्यंत’ जाईल. तोवर माणसाला हवं ते कळलेलं असेल. ‘फक्त 2 मिनिटांत’ काढून टाकलं, कारण ते खरं नाही. ओटीपी यायला वेळ लागतो, पैसे भरायला वेळ लागतो, आणि व्हिडिओच मुळात पंधरा मिनिटांचा आहे. १५ रुपयेही शीर्षकात घेतले नाहीत. शुल्क उद्या बदललं तर शीर्षक खोटं पडेल. ते वर्णनात असलेलं बरं, तिथे एक आकडा बदलणं सोपं.

शीर्षकाला यूट्यूब १०० चिन्हांची मर्यादा घालतं. मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक गोष्ट ठाऊक हवी. यंत्र आपली अक्षरं मोजत नाही, ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजतं. ‘सातबारा’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत मात्र सात भरतात. वरचं नवं शीर्षक ६९ चिन्हांचं आहे. जोडाक्षरांत तर पाय मोडल्याचं चिन्हही मोजलं जातं, म्हणून ‘पर्यंत’सारखा छोटा शब्दही सहा चिन्हं खातो. म्हणजे इंग्रजी शीर्षकाला मिळते त्यापेक्षा आपल्याला जागा बरीच कमी, आणि ती ‘मित्रांनो’, ‘अखेर’, ‘पहा पूर्ण माहिती’ यांवर घालवणं परवडणारं नाही.

मग रोमन लिपीतल्या शोधाचं काय? उभ्या रेघा मारून एकच गोष्ट तीनदा लिहिण्याची पद्धत मराठी चॅनेलांवर रुजली आहे : `डिजिटल सातबारा | Digital Satbara | 7/12 Utara Online`. मला ती पाट्यांच्या दुकानासारखी वाटते, पण निरुपयोगी म्हणवत नाही. ज्याच्या शोधाच्या यादीत निम्मे शब्द रोमन आहेत, त्याने शेवटी एक रोमन रूप ठेवायला हरकत नाही. ते शेवटीच हवं. नाहीतर वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात ते एका सरळ वाक्यात येऊ द्यावं. शीर्षक आणि वर्णनाचं वेगळ्या भाषेत भाषांतर जोडण्याची सोय स्टुडिओत आहे, मात्र तिचा एक पेच आहे. यूट्यूब प्रेक्षकाच्या भाषेची निवड बघून ते भाषांतर दाखवतं, आणि आपल्याकडे फोनची भाषा इंग्रजी ठेवून मराठी बघणारे घरोघरी आहेत. त्यांना मराठी व्हिडिओवर इंग्रजी शीर्षक दिसतं आणि व्हिडिओ इंग्रजीत आहे असं समजून ते पुढे जाऊ शकतात. टॅगवर मात्र वेळ घालवू नये. यूट्यूब स्वतःच सांगतं की शोधात टॅगचं वजन फार थोडं असतं. लोक एखादा शब्द चुकीच्या स्पेलिंगने टाइप करत असतील तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग. तेच शब्द वर्णनाच्या तळाशी ढिगाने ओतणं तर दिशाभूल करणाऱ्या माहितीच्या नियमात बसू शकतं.

आता वर्णन. बहुतेक चॅनेलांवर ते कसं भरलेलं असतं ते आठवून पाहा. वर व्हॉट्सअ‍ॅप गटाची लिंक, मग टेलिग्रामची, मग इन्स्टाग्रामची, मग ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’, मग पंधरा हॅशटॅग, आणि सगळ्यात खाली कुठेतरी सरकारी साइटचा पत्ता. यात आळस आहेच, पण स्टुडिओच्या एका सोयीचाही हात आहे. सेटिंगमध्ये ‘Upload defaults’ नावाची जागा असते; तिथे एकदा मजकूर भरला की प्रत्येक नव्या व्हिडिओच्या वर्णनात तो आपोआप येऊन बसतो. दोन वर्षांपूर्वी भरलेला मजकूर, त्यातल्या बंद पडलेल्या गटांच्या लिंकांसह, आजच्या व्हिडिओच्या डोक्यावर बसलेला असतो तो त्यामुळे.

कॉम्प्युटरवर वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या असतात. फोनवर तर ‘…more’ दाबेपर्यंत ते सहसा दिसतच नाही. म्हणजे जो दाबतो, तो काहीतरी शोधायलाच आलेला असतो, आणि आपल्या माणसाला हवा असतो साइटचा पत्ता. तो पहिल्या ओळींतच दिला पाहिजे :

```
डिजिटल सातबारा (7/12) काढण्याची सरकारी साइट:
https://digitalsatbara.mahabhumi.gov.in
शुल्क 15 रुपये. फक्त पाहण्यासाठी (सहीशिवाय, मोफत):
https://bhulekh.mahabhumi.gov.in
```

यूट्यूबच्या वर्णनात एखाद्या शब्दामागे लिंक लपवता येत नाही; पत्ता उघडाच लिहावा लागतो, आणि लांब असेल तर यूट्यूब तो दाखवताना शेपूट छाटतं. म्हणून लिंक कशाची आहे ते आधीच्या ओळीत लिहायचं आणि पत्त्याला स्वतंत्र ओळ द्यायची. मराठीत याला आणखी एक कारण आहे. ‘या साइटवर’ असं लिहायच्या सवयीने पत्त्याला लागूनच ‘वर’ किंवा ‘ला’ चिकटवला जातो, किंवा वाक्य संपलं म्हणून पूर्णविराम दिला जातो. ती अक्षरं पत्त्यातच मोजली गेली तर दाबणाऱ्याला चुकीचं पान मिळतं. लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण तो स्वतःच्या वर्णनातली लिंक कधी दाबून बघत नाही.

लिंक छोटी करून देणाऱ्या सेवा इथे टाळाव्यात. ज्या साइटवर माणूस ओटीपी टाकणार आहे आणि पैसे भरणार आहे, तिचा पत्ता `gov.in` ने संपतो हे त्याला दाबण्याआधी दिसलं पाहिजे. सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटपासून तेवढंच संरक्षण आपण त्याला देऊ शकतो.

काही वेळा पत्ता बिनचूक लिहूनही दाबता येत नाही, नुसता साधा मजकूर म्हणून पडून राहतो. याची दोन कारणं नेहमी आढळतात. एक, चॅनेलने ओळख पटवण्याची पूर्ण प्रक्रिया केलेली नसते. यूट्यूबच्या ‘Advanced features’ मिळाल्याशिवाय वर्णनातल्या बाहेरच्या लिंक दाबण्याजोग्या होत नाहीत. दुसरं, व्हिडिओ शॉर्ट असतो. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि त्यांच्याखालच्या प्रतिक्रियांतल्या लिंक यूट्यूबने बंद केल्या आहेत. ‘लिंक खाली दिली आहे’ असं शॉर्टमध्ये बोलून दाखवणारे अजून भेटतात. त्यांचा प्रेक्षक खाली जाऊन रिकाम्या हाताने परत येतो.

लिंकांच्या खाली वेळेच्या नोंदी, म्हणजे टाइमस्टॅम्प. आपला माणूस अडकला आहे पैसे भरण्याच्या पायरीवर. नोंदणी त्याने मघाशीच केली आहे. त्याला सातव्या-आठव्या मिनिटाला उडी मारता आली पाहिजे. वर्णनात वेळ लिहिली की ती निळी होते आणि दाबल्यावर व्हिडिओ तिथे जातो. त्याच नोंदी ठरावीक रीतीने लिहिल्या तर यूट्यूब व्हिडिओच्या पट्टीचेही तुकडे पाडतं, ज्यांना चॅप्टर म्हणतात. रीत अशी : पहिली नोंद `0:00` ची असली पाहिजे, किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात, आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा हवा. आकडे कळफलकावरचे 0 ते 9 हेच टाकलेले बरे. आकडे निळे दिसतात पण पट्टी अखंडच आहे, असं झालं तर बहुधा यातलंच काहीतरी मोडलेलं असतं. बऱ्याचदा पहिली नोंद `0:12` ची असते, कारण लिहिणाऱ्याला वाटतं की खरी सुरुवात तिथून होते.

आता नमुन्यातला खरा घोळ. मूळ व्हिडिओ १५ मिनिटं ५ सेकंदांचा. त्यात पहिली १ मिनिट २० सेकंदं नमस्कार, चॅनेलची ओळख आणि घंटा दाबण्याची विनंती. प्रेक्षक टिकण्याचा आलेख तिथेच कोसळतो, म्हणून मालकाने स्टुडिओतल्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापला. ही चांगली सोय आहे. व्हिडिओचा पत्ता, व्ह्यू आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. पण वर्णन हा वेगळा मजकूर आहे. व्हिडिओ मागे सरकला हे त्याला कळत नाही. जुनी नोंद होती `9:00 पैसे भरणे`, आणि तो भाग आता ७ मिनिटं ४० सेकंदांवर आला आहे. नोंद दाबणारा पैसे भरण्याच्या मध्यावर जाऊन पडतो आणि पहिली सूचनाच त्याच्या हातून सुटते. प्रत्येक नोंदीतून १ मिनिट २० सेकंद वजा केल्यावर यादी अशी होते :

```
0:00 काय काय लागेल
0:50 साइटवर नोंदणी
3:10 ओटीपी टाकून लॉगिन
5:05 जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर
7:40 पैसे भरणे
10:15 सातबारा डाउनलोड
12:00 पैसे गेले, उतारा आला नाही
```

शेवटची नोंद नीट पाहा. मूळ वर्णनात तिथे ‘इतर माहिती’ असं लिहिलेलं होतं. अशी नोंद कुणी दाबत नाही. पैसे कापले गेले आणि कागद मिळाला नाही, हा माणूस सगळ्यात घाबरलेला असतो. त्याला स्वतःचंच वाक्य तिथे दिसलं पाहिजे. ‘भाग १’, ‘प्रक्रिया’, ‘महत्त्वाचं’ या नावांनाही तोच दोष. नोंदीचं नाव म्हणजे त्या पायरीवर माणूस मनात जे म्हणतो ते.

कापाकापीचं आणखी एक नुकसान असतं, आणि ते भरून येत नाही. कुणीतरी गट नंबरच्या भागाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली असते. तिच्या शेवटी `t=385` असतं, म्हणजे जुन्या व्हिडिओची ६ मिनिटं २५ सेकंदं. आता तिथे `t=305` हवं. पण ती लिंक आपल्या हातात राहिलेली नाही. प्रतिक्रियांमध्ये प्रेक्षकांनी लिहिलेल्या वेळांचंही तसंच. म्हणून कापायचं असेल ते व्हिडिओ पसरण्याआधी कापावं. नंतर कापल्यास निदान आपल्या पिन केलेल्या प्रतिक्रियेतल्या वेळा तरी दुरुस्त कराव्यात.

एक गमतीदार चूक सांगतो. वर्णनात कुणी लिहितं, ‘अडचण आल्यास तलाठी कार्यालयात जा, वेळ 9:45 ते 6:15’. यूट्यूबला कार्यालय आणि घड्याळ कळत नाही. त्याला विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेले आकडे दिसले की ती व्हिडिओतली वेळ वाटते. तीही निळी होते, आणि चढत्या क्रमात न बसल्यामुळे चॅप्टरांचा घोटाळा होऊ शकतो. उपाय आपल्या छापील मराठीत आधीपासूनच आहे : ‘९.४५ ते ६.१५’.

बदल केल्यावर लगेच दुसरा बदल करू नये. जुनं शीर्षक आणि तारीख वहीत उतरून ठेवावी, कारण नंतर ते आठवत नाही. मग स्टुडिओ सहज दाखवतं त्या २८ दिवसांचे आकडे जुन्या २८ दिवसांशी ताडून पाहावेत. दोनच गोष्टी बघायच्या. दाखवल्यापैकी कितीजणांनी दाबलं, आणि दाबणारे किती वेळ थांबले. पहिलं प्रमाण यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या व्हिडिओंचं २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, त्यामुळे ४ टक्के दिसल्यावर कपाळाला हात लावायचं कारण नाही. दाबणारे वाढले पण थांबणं घटलं, तर नव्या शीर्षकाने काहीतरी जास्तीचं कबूल केलं आहे. दाबणारे तेवढेच राहिले पण शोधातून येणारे वाढले, तर शब्द बरोबर सापडला.

ज्या व्हिडिओला प्रेक्षक शोधातून येतच नाहीत, तिथे या खटाटोपाचा फारसा उपयोग नाही. प्रवासाचे, गप्पांचे, विनोदाचे व्हिडिओ मुख्यपृष्ठावरून आणि शेजारच्या शिफारशींतून पाहिले जातात. तिथे ‘डिजिटल सातबारा’सारखा नेमका शब्द पुढे आणून काही साधत नाही, उलट शीर्षकाची मजा जाते.

आणि सरकारी साइटचा पडदाच बदलला, बटणं हलली, नोंदणीची पद्धत निराळी झाली, तर वर्णन कितीही घासून-पुसून चालणार नाही. तेव्हा नवा व्हिडिओच करावा लागतो. जुना मात्र काढून टाकू नये. लोक त्याच्यापर्यंत अजून पोचत असतात. त्याच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘साइट बदलली आहे, नवी पद्धत इथे’ एवढं लिहावं, खालच्या ओळीत नव्या व्हिडिओची लिंक द्यावी, आणि जुन्या वेळेच्या नोंदी पुसून टाकाव्यात.